दसऱ्याचं तोरण सकाळी वेळेत हवं? मग ऑर्डरचा मेसेज नीट वाचा, नीट लिहा

चांदूर बाजार : दसरा आठ-दहा दिवसांवर आला की गावागावातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. 'झेंडूचे हार, दाराचे तोरण, गाडीचे हार मिळतील. आजच बुक करा. सणाच्या सकाळी घरपोच.' खाली एक मोबाईल नंबर आणि फुलांचे चार-पाच फोटो. लोक 'एक तोरण' असं लिहून पाठवतात, समोरून अंगठा येतो आणि दोघांनाही वाटतं की काम झालं.

खरी गंमत सणाच्या सकाळी सुरू होते. पूजेचं ताट तयार असते, ट्रॅक्टर धुऊन अंगणात उभा असतो आणि तोरणाचा पत्ता नसतो. फोन लावला तर लागत नाही. आठ वाजता तोरण येते, पण ते दारापेक्षा हातभर आखूड. घरची मंडळी म्हणतात, 'दुकानदारानं फसवलं.' दुकानदार म्हणतो, 'तुम्ही माप कुठं सांगितलं होतं?' बहुतेक वेळा कोणी कोणाला फसवलेलं नसते. ज्या गोष्टी ऑर्डरच्या मेसेजमध्ये असायला हव्या होत्या, त्या तिथं नव्हत्या, एवढंच.

यंदा दसरा २० ऑक्टोबरला, मंगळवारी आहे. त्याआधी फुलांची आगाऊ ऑर्डर देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी मेसेजमध्ये नेमकं काय पाहावं, त्यामागचा हिशेब काय, हे समजून घेतलं तर ती सकाळ निवांत जाऊ शकते.

'एक तोरण' म्हणजे किती?

पहिली गडबड मापात होते. हार काही ठिकाणी नगावर मिळतो, काही ठिकाणी हातावर, तर सुटी फुलं किलोवर. 'एक तोरण' म्हटलं की दुकानदाराच्या डोळ्यासमोर तीन फुटाचं साधं दार येते. गिऱ्हाईकाच्या घरी मात्र वाड्याचा जुना दरवाजा असतो किंवा दुकानाचं आठ फुटी शटर.

म्हणून माप फुटात सांगावं आणि ते चौकटीच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाहेरच्या कडेपर्यंत घ्यावं. तोरण दाराच्या फळीला नाही, चौकटीला लागते. टेप नसेल तर सुतळी धरून माप घ्यावं आणि ती सुतळी कापून ठेवावी. दुकानात जाणं होणार असेल तर तीच नेऊन दिलेली बरी. आपला हात आणि दुकानदाराचा हात सारखा नसतो, त्यामुळे 'चार हात' या बोलीत अर्ध्या फुटाचा फरक सहज पडतो.

दुसरी गोष्ट बाजूच्या लडींची. काही घरी तोरण फक्त वरून आडवं लावतात. काही घरी दोन्ही बाजूंनी फूट-दीड फूट लडी खाली सोडतात. साडेतीन फुटाच्या चौकटीला दोन्हीकडे एकेक फुटाची लड धरली तर एकूण लांबी साडेपाच फूट होते. नुसतं 'साडेतीन फूट' सांगितलं तर लडी येणार नाहीत आणि त्यात दुकानदाराचा दोष नसेल.

आता यात फुलं किती लागतात ते पाहू. हारासाठी वापरतात ते मध्यम आकाराचं झेंडूचं फूल सुईत ओवून एकमेकाला चिकटवलं की साधारण एक इंच जागा घेते. म्हणजे एका फुटाला बारा फुलं, साडेपाच फुटाला सहासष्ट. अशी मध्यम फुलं किलोत दीडशेच्या आसपास बसतात. सहासष्ट फुलं म्हणजे पाऊण पावशेर नव्हे, तर साडेचारशे ग्रॅमच्या जवळ. त्यात दबलेली, फुटलेली फुलं वगळावी लागतात. म्हणून घट्ट ओवलेल्या एका तोरणामागे अर्धा किलो फूल धरावं लागते. फूल मोठं असेल तर ते कमी लागतील, बारीक असेल तर जास्त. अंदाज पक्का करायचा असेल तर दहा फुलं ओवून त्यांची लांबी मोजावी, बाकी हिशेब आपोआप जुळतो.

हा हिशेब गिऱ्हाईकालाही कामाचा आहे. स्वस्तातलं तोरण हातात घेतलं की फुलाफुलामध्ये दोरा दिसतो. लांबी तेवढीच, पण सहासष्टच्या जागी चाळीस फुलं. मधे आंब्याचं पान घातलं असेल तर फुलं कमी लागणारच आणि तसं तोरण दिसायलाही सुंदर असते. पण ते आधी सांगितलेलं असावं. 'घट्ट' की 'पान घालून', एवढे दोन शब्द मेसेजमध्ये असले की नंतरचा वाद मिटतो.

तोरणाच्या दोन्ही टोकांना वीतभर दोरा मोकळा सोडायला सांगायचं राहून जाते. तो नसला की सकाळी खिळ्यापर्यंत तोरण पोचत नाही. मग ओढाताण होऊन दोरा तुटतो आणि फुलं अंगणात.

ऑर्डर आधी बंद का करतात?

चांगल्या मेसेजमध्ये एक ओळ असते, 'ऑर्डर अमुक तारखेला रात्री ८ वाजता बंद.' पुष्कळांना ही ओळ म्हणजे दुकानदाराचा तोरा वाटतो. खरं तर सगळ्या मेसेजमध्ये हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. ती का लागते ते एका दुकानाच्या हिशेबावरून समजून घेऊ.

समजा, चांदूर बाजारातल्या एका दुकानात ओवायला तीन माणसं आहेत. दसऱ्यासाठी वर सांगितल्यासारखी ६० तोरणं आणि गाडीचे तीन-तीन फुटांचे ४० हार बुक झाले. तोरणांना जवळपास चार हजार फुलं लागली, हारांना साडेचौदाशेच्या आसपास. दोन्ही मिळून ३६ किलो. खराब निघणारं फूल धरून ४० ते ४१ किलो माल मागवावा लागेल.

आता हाताचा वेग. एक तोरण ओवून, पान लावून, गाठ मारून बाजूला ठेवायला बारा मिनिटं धरली तर एक माणूस तासाला पाच तोरणं करतो आणि तिघं मिळून पंधरा. साठ तोरणांना चार तास. गाडीचा हार सहा मिनिटांत होतो असं धरलं तर चाळीस हारांना तिघांचे मिळून एक तास वीस मिनिटं. म्हणजे नुसतं काम सव्वापाच तासांच्या वर. चहा, जेवण, फुलं निवडणं आणि नावाच्या चिठ्ठ्या लावणं धरून साडेसहा तास. रात्री नऊला बसलेली माणसं पहाटे साडेतीनला उठतात. पाच वाजता पहिली गाडी निघायची, म्हणजे हाती दीड तास शिल्लक.

आता आदल्या रात्री आठ वाजता आणखी ३० तोरणांच्या ऑर्डर आल्या आणि दुकानदारानं 'होऊन जाईल' म्हटलं, तर काय होते ते पहा. ओवायला दोन तास वाढले, म्हणजे काम साडेतीनला नाही, साडेपाचला संपणार. पाचची फेरी तिथंच चुकली. वरून तेरा किलो फूल जास्तीचं लागणार आणि ते त्या रात्री मिळेल त्या भावात, जसं मिळेल तसं घ्यावं लागणार. उशिरा आलेल्या तीस गिऱ्हाइकांमुळे आधी पैसे भरलेल्या साठ जणांचं तोरण उशिरा जाते. दुकानदार नाही म्हणत नाही आणि सकाळी सगळ्यांच्याच शिव्या खातो.

म्हणून ऑर्डर सणाच्या दोन-तीन दिवस आधी बंद करणारा दुकानदार वेळ पाळण्याची शक्यता जास्त. 'ऑर्डर चालू आहे, शेवटपर्यंत' असं लिहिणाऱ्याकडून सकाळी पाचची वेळ घेताना विचार करावा.

'सकाळी घरपोच' ही वेळ नव्हे

'सकाळी' म्हणजे किती वाजता? कोणाच्या घरी सकाळ पाचला होते, कोणाच्या नऊला. म्हणून अलीकडे काही फूलवाले वेळेचे टप्पे देतात. पहिला टप्पा पहाटे ५ ते ६.३०, दुसरा ६.३० ते ८, असे.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ६.३० ते ८ हा टप्पा घेतला म्हणजे तोरण साडेसहाला येणार असा अर्थ नाही. ते आठ वाजायला पाच मिनिटं कमी असताना आलं तरी दुकानदारानं शब्द पाळला. त्यामुळे पूजा साडेसातला असेल तर पहिलाच टप्पा घ्यावा. टप्प्याची सुरुवात पाहून नाही, शेवट पाहून निवड करावी, हा सोपा नियम. आणि शेवटापासून पूजेपर्यंत तोरण लावायला अर्धा तास हाती ठेवावा.

दुकानदाराच्या बाजूनं पाहिलं तर टप्प्यात किती घरं बसतात, हा सारा प्रश्न आहे. गावातल्या गावात एका घरी थांबून, हाक मारून, माल देऊन पुढं निघायला पाच मिनिटं लागतात असं धरू. दीड तासात अठरा घरं होतील. पण अठरा घ्यायची नाहीत, बाराच घ्यायची. कारण एखाद्या घरचा फोन लागत नाही, एखाद्या गल्लीत मांडव असतो, कोणी सुटे पैसे आणायला आत जाते ते दहा मिनिटं बाहेर येत नाही. टप्प्याचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवला तरच बाकीच्यांची वेळ राहते.

खेड्यांचं गणित वेगळं. शिरजगाव कसब्याकडची फेरी आणि आसेगावकडची फेरी एकाच टप्प्यात एका गाडीवर होऊ शकत नाही, दोन्ही वेगवेगळ्या दिशेला. म्हणून वरच्या उदाहरणातल्या दुकानदारानं दोन गाड्या लावल्या असं समजू. एक गाडी गावात, दोन टप्प्यांत बारा-बारा अशी २४ घरं. दुसरी गाडी पहिल्या टप्प्यात शिरजगावकडे सहा घरं आणि दुसऱ्या टप्प्यात आसेगावकडे सहा घरं. झाली ३६. उरलेली २४ तोरणं दुकानातून घेऊन जाणाऱ्यांची. याच्या वर घरपोच ऑर्डर आली तर 'घरपोच भरलं, दुकानातून न्या' असं सरळ सांगणंच बरं.

खेड्यातल्या गिऱ्हाइकांसाठी एक चांगला मार्ग आहे. गावातल्या पाच-सहा घरांनी मिळून एकच टप्पा घ्यायचा आणि माल एकाच ठिकाणी, म्हणजे बसथांब्यावर, पारावर किंवा एखाद्याच्या दुकानात उतरवून घ्यायचा. सहा घरी थांबण्याऐवजी गाडी एकदाच थांबते. अशा एकत्र ऑर्डरला दुकानदार घरपोचचे पैसेही बहुतेक कमी करतो. मात्र प्रत्येक तोरणाला नावाची चिठ्ठी लावायला सांगावी. नाहीतर मोठ्या दाराचं तोरण लहान दाराला आणि लहानाचं मोठ्याला जाते.

पत्ता लिहिताना नुसतं 'चांदूर' लिहू नये. अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार आहे आणि चांदूर रेल्वेही आहे. अमरावतीच्या दुकानातून मागवणाऱ्यांनी तर हे आवर्जून लिहावं. पत्त्यात गाव, मोहल्ला, ओळखीची एक खूण आणि पहाटे उचलला जाईल असा फोन नंबर असावा. सणाच्या पहाटे फोन चार्जिंगला आतल्या खोलीत आणि माणूस विहिरीवर, असं झालं की फेरी पुढं निघून जाते.

सण कोणता, वेळ कोणती

सगळ्याच सणांना फुलं पहाटे लागत नाहीत. दसऱ्याला गाड्या, अवजारं आणि दाराची पूजा बहुतेक घरी सकाळी असते, म्हणून पहाटेवर ताण येतो. काही घरी शस्त्र-अवजारांची पूजा खंडेनवमीला करतात. त्यांना हार आधीच्या वेळेला लागतो, तसं ऑर्डरमध्ये लिहावं. गुढीपाडव्याला गुढी सकाळी लवकर उभारतात, पण तिथं लहान हार पुरतो.

लक्ष्मीपूजन मात्र संध्याकाळी असते. त्या दिवशीची तोरणं पहाटे मागवली तर पूजेपर्यंत फुलं बारा-चौदा तास जुनी होतात. दुकानदारांनी त्या दिवशी दुपारी २ ते ४ असा टप्पा ठेवावा आणि गिऱ्हाइकांनी तोच घ्यावा. पोळ्याला आखरावर बांधायचं तोरण हे तर वेगळंच काम. ते दोरावर आंब्याची पानं लावून गावकरीच करतात. पण बैलांच्या गळ्यातले हार दुपारपर्यंत लागतात.

नवरात्रात घटावर रोज एक माळ चढते. नऊ दिवसांच्या नऊ माळा एकदम बुक करता येतात, पण त्या एकदम घेऊ नयेत. रोज किंवा एक दिवसाआड न्यायचं ठरवावं.

फूल ताजं की आदल्या आठवड्याचं?

झेंडूची लावणी केल्यापासून फूल यायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. म्हणजे दसऱ्याचं फूल ऑगस्टमध्येच शेतात लावलेलं असते. पण दसरा दरवर्षी हलतो. २०२४ मध्ये तो १२ ऑक्टोबरला होता, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला आणि यंदा २० ऑक्टोबरला. वऱ्हाडातून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. त्यामुळे दसरा लवकर आला की फूल पावसात सापडते, उशिरा आला की कोरडं मिळण्याची शक्यता वाढते.

ओल्या फुलाचा तोटा दोन्हीकडून आहे. किलोवर घेतलं तर पाण्याचंही वजन फुलाच्या भावात मोजावं लागते, म्हणजे किलोत फुलं कमी. आणि असं फूल पोत्यात दाबून भरलं की आत गरम होते आणि रात्रीतून सडायला लागते. वरून पाकळ्या पिवळ्याधमक दिसतात, पण आत काम बिघडलेलं असते.

ओळखायची जागा पाकळीत नाही, देठाकडच्या हिरव्या वाटीत आहे. फूल उलटं करून पाहावं. वाटी हिरवी आणि कडक असेल तर फूल ताजं. ती तपकिरी, मऊ किंवा चिकट झाली असेल तर संध्याकाळपर्यंत पाकळ्या गळणार. दुसरी खूण, पाकळ्यांना हलकं ओढून पाहायचं. ताज्या फुलाची पाकळी सहज निघत नाही. तिसरी खूण नाकाची. झेंडूचा उग्र वास यायला हवा, कुबट नाही.

तोरण पहाटे मिळालं आणि लावायला वेळ असेल तर ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये. टोपलीत किंवा ताटात मोकळं पसरून वर ओलसर सुती फडकं टाकावं. फुलांवर पाणी ओतलं की ती टवटवीत राहतात, ही समजूत महागात पडते. फडकं ओलं असावं, फुलं नाही. दुकानदारांनीही ओवलेला माल पोत्यात न भरता जाळीच्या क्रेटमध्ये, एकावर एक फार थर न देता ठेवावा.

भाव कसा लिहिला आहे ते पहा

आगाऊ ऑर्डरमध्ये पैशाची भानगड फुलाच्या भावामुळे होते. दुकानदार दहा दिवस आधी मेसेज टाकतो, पण फूल तो सणाच्या एक-दोन दिवस आधी विकत घेतो. मधल्या काळात पाऊस पडला की भाव कुठल्या कुठे जातो.

यातून मेसेजमध्ये तीन तऱ्हा दिसतात. पहिली, पक्का भाव. तोरण अमुक रुपयांना, पुढं काही झालं तरी तेवढंच. यात धोका दुकानदार उचलतो, म्हणून तो थोडा जास्त लावतो. दुसरी, वरची मर्यादा. 'भाव सणाच्या आदल्या दिवशी सकाळी सांगू, पण अमुक रुपयांच्या वर जाणार नाही.' ही दोघांनाही परवडणारी. तिसरी, 'बाजारभावाप्रमाणे.' यात गिऱ्हाइकानं पैसे भरले, पण किती द्यायचे ते ठरलंच नाही. सकाळी पूजा तोंडावर असताना दुप्पट सांगितले तरी द्यावे लागतात. तिसऱ्या तऱ्हेचा मेसेज असेल तर 'जास्तीत जास्त किती?' एवढं विचारून उत्तर लिहून घ्यावं.

आगाऊ रक्कम किती, ती कधी परत मिळेल आणि कधी नाही, हेही एका ओळीत असावं. ऑर्डर बंद होण्याआधी रद्द केली तर दुकानदाराचं काही गेलं नाही, पैसे परत द्यायला हरकत नसावी. त्यानंतर मात्र त्यानं फूल उचललेलं असते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या झेंडूला कोणी विचारत नाही. मोठ्या सणानंतर बाजाराच्या कडेला पडलेले फुलांचे ढीग सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यामुळे उशिरा रद्द केल्यास आगाऊ रक्कम न मिळणं वाजवी आहे. उलट टप्पा उलटून गेल्यावर माल आला, तर गिऱ्हाईक तो नाकारू शकते आणि पैसे परत मिळतील, हेही तितकंच स्पष्ट लिहिलेलं असावं. एकतर्फी अटीला अर्थ नाही.

अनोळखी नंबरवरून आलेल्या जाहिरातीवर आगाऊ पैसे पाठवण्याआधी दुकान कुठं आहे ते विचारावं. शक्य असेल तर बाजाराच्या दिवशी जाऊन पैसे द्यावेत आणि चिठ्ठी घ्यावी. 'पैसे परत करतो, पिन टाका' असं कोणी म्हटलं तर तिथंच थांबावं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. तसं घडलंच तर लगेच १९३० या नंबरवर कळवावं.

मेसेज असा असावा

वरच्या सगळ्या गोष्टी एका छोट्या मेसेजमध्ये बसतात. दुकानदारांना हा नमुना आपल्या मापानं, आपल्या भावानं बदलून घेता येईल. यातले आकडे केवळ समजण्यासाठी आहेत.

दसरा, मंगळवार २० ऑक्टोबर. झेंडूचे हार व तोरण.
दुकान : (नाव, चौक, चांदूर बाजार)
तोरण, घट्ट ओवलेलं, केशरी-पिवळं, आंब्याच्या पानांसह : एका फुटाला ३० रुपये. बाजूच्या लडी लांबीत धरल्या जातील.
गाडीचा हार, ३ फूट : ९० रुपये.
हा भाव पक्का आहे, वाढणार नाही.
ऑर्डर बंद : शनिवार १७ ऑक्टोबर, रात्री ८ वाजता.
घरपोच गावात : पहाटे ५ ते ६.३० किंवा ६.३० ते ८. प्रत्येक टप्प्यात १२ घरं.
शिरजगाव कसबा बाजू : ५ ते ६.३०. आसेगाव बाजू : ६.३० ते ८. प्रत्येकी ६ ठिकाणं.
दुकानातून न्यायचं असल्यास : पहाटे ४.३० पासून.
आगाऊ : अर्धी रक्कम. शनिवारी रात्री ८ पर्यंत रद्द केल्यास पूर्ण परत, नंतर नाही. आमच्याकडून टप्पा चुकला तर पूर्ण परत.
आमचं 'पक्कं' असं उत्तर आलं तरच ऑर्डर झाली असं समजावं.

शेवटची ओळ लहान आहे, पण तिच्यावर बरंच अवलंबून आहे. अंगठ्याचं चिन्ह म्हणजे 'वाचलं' की 'घेतली', हे कोणालाच सांगता येत नाही. दुकानदारानं माप, टप्पा आणि रक्कम परत लिहून 'पक्कं' म्हणावं.

गिऱ्हाइकानं पाठवायचं उत्तरही तसंच सुटसुटीत असावं. उदाहरणार्थ, 'तोरण १. चौकट साडेतीन फूट, दोन्ही बाजूला एकेक फुटाची लड, एकूण साडेपाच फूट. टोकाला वीतभर दोरा. गाडीचे हार २. टप्पा ५ ते ६.३०. पत्ता : शिरजगाव कसबा, (मोहल्ला, खूण). पहाटे लागणारा नंबर : (नंबर).' याचा हिशेब नमुन्यातल्या भावानं तोरणाचे १६५ आणि हारांचे १८०, एकूण ३४५ रुपये होतो. निम्मे आगाऊ, निम्मे माल हाती आल्यावर. ऑर्डर देतानाच आकडा दोघांना माहीत असला की पहाटे अंधारात दारात उभं राहून घासाघीस करावी लागत नाही.

माल आला की पैसे देण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. सुतळीच्या मापाशी लांबी जुळते का, एक-दोन फुलं उलटी केल्यावर वाटी हिरवी आहे का आणि चिठ्ठीवर नाव आपलंच आहे का. मिनिटभराचं काम आहे. काही चुकलं असेल तर गाडी दारात असतानाच सांगावं आणि फोटो काढून ठेवावा. दुपारी फोन करून सांगितलं तर त्याचा उपयोग नसतो, तोपर्यंत दुकानात फूल उरलेलं नसते.

ज्यांनी अजून ऑर्डर दिली नसेल त्यांनी आज संध्याकाळी एक सुतळी घेऊन चौकट मोजावी. माप हाताशी असलं की बाकीचा मेसेज दोन मिनिटांत लिहून होतो.